ट्रिक्स: तीन वेळा गाळलेला बदलाचा दर कोणती आवर्तने अडवतो आणि कोणती फक्त उशिरा दाखवतो

ट्रिक्स हा निर्देशक जॅक हटसन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मांडला. त्याची कल्पना अशी: बंद भावाची घातांकी सरासरी, म्हणजे ईएमए, काढायची, त्या सरासरीची पुन्हा ईएमए काढायची, तिची आणखी एकदा काढायची, आणि या तिसऱ्या सरासरीत कालच्यापेक्षा आज किती टक्के बदल झाला तो शून्यरेषेभोवती काढायचा. तिन्ही वेळा कालावधी एकच असतो. या निर्देशकाबद्दल जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक वाक्य वाचायला मिळते, की निवडलेल्या कालावधीपेक्षा लहान आवर्तने ट्रिक्स गाळून टाकतो. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याचा जो भाग सांगायचा राहतो तोच व्यवहारात महागात पडतो. कालावधीपेक्षा लहान आवर्तने खरोखरच दबतात. मात्र कालावधीच्या दुपटी-तिपटीची आवर्तने धड दबतही नाहीत आणि वेळेवर दिसतही नाहीत. त्यामुळे कालावधी निवडताना "मला काय गाळायचे आहे" एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. "मला जे पकडायचे आहे ते किती उशिरा दिसेल" हेही मोजावे लागते. ते मोजण्याची रीत या लेखात दिली आहे. त्यासाठी एक साधी स्प्रेडशीट पुरते.

आधी गणिताची मांडणी

अ स्तंभात दिवसांचा क्रमांक, ब स्तंभात बंद भाव, आणि पुढच्या तीन स्तंभांत तीन सरासऱ्या अशी रचना करावी. ईएमएचा भारांक म्हणजे दोनला कालावधी अधिक एकने भागून येणारी संख्या. १५ दिवसांच्या कालावधीसाठी तो ०.१२५ येतो. आजची सरासरी काढताना कालच्या सरासरीत, आजचा भाव आणि कालची सरासरी यांतल्या फरकाचा आठवा हिस्सा मिळवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

```
H1: 15
H2: =2/(H1+1)
C2: =B2
D2: =C2
E2: =D2
C3: =C2+$H$2*(B3-C2)
D3: =D2+$H$2*(C3-D2)
E3: =E2+$H$2*(D3-E2)
F3: =100*(E3/E2-1)
```

तिसऱ्या ओळीतील सूत्रे शेवटपर्यंत खाली ओढली की F स्तंभात ट्रिक्स तयार होतो. आकडे फार लहान येतात, म्हणून त्या स्तंभाला किमान चार दशांश स्थाने द्यावीत; दोनच दिली तर निम्मे तपशील शून्य म्हणून दिसतात. काही संगणक-प्रणाली भावाऐवजी भावाचा लॉगरिदम घेतात आणि शंभराऐवजी दहा हजाराने गुणतात. तेथे दिसणारा आकडा आपल्यापेक्षा शंभरपट मोठा असतो, वक्राचा आकार मात्र जवळपास तोच राहतो. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासून घ्यावी. मूळ ठरावीक कालावधीही सगळीकडे सारखा नसतो: कुठे १५, कुठे १८, कुठे थेट ३०.

आता या तिहेरी सरासरीत कोणत्या दिवसाला किती वजन मिळते ते पाहणे उपयोगाचे आहे, कारण पुढचे बहुतेक गुणदोष तिथूनच येतात. साध्या ईएमएमध्ये सर्वांत जास्त वजन आजच्या भावाला असते आणि मागे जाऊ तसे ते कमी होत जाते. तिहेरी ईएमएमध्ये असे होत नाही. आजच्या भावाचा आठवा हिस्सा पहिल्या सरासरीत जातो, त्याचा आठवा हिस्सा दुसऱ्या आणि त्याचाही आठवा हिस्सा तिसऱ्या सरासरीत जातो. म्हणजे आजच्या भावाचे वजन केवळ पाचशे बारावा भाग उरते. तेथून वजन वाढत जाते आणि १३ व १४ दिवसांपूर्वीच्या भावांना सर्वाधिक, सुमारे ३.६ टक्के, वजन मिळते. त्यानंतर ते हळूहळू ओसरते. १५ दिवसांचा ट्रिक्स पाहणारा माणूस प्रत्यक्षात जवळजवळ तीन आठवड्यांच्या व्यवहारदिवसांपूर्वीच्या बाजाराकडे सर्वांत बारकाईने पाहत असतो. या एका गोष्टीतूनच त्याचा गुळगुळीतपणा येतो आणि त्याचा उशीरही.

शुद्ध आवर्तन देऊन गाळणीची परीक्षा

गाळणी काय अडवते हे खऱ्या भावांवर कळत नाही, कारण खऱ्या भावात अनेक हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून आधी ब स्तंभात आपणच तयार केलेले एकच आवर्तन घालावे. अ स्तंभात ०, १, २ असे क्रमांक द्यावेत आणि ब स्तंभात पुढील सूत्र किमान ३०० ओळींपर्यंत ओढावे.

```
B2: =100*EXP(0.02*SIN(2*PI()*A2/15))
```

यात भाव दर १५ दिवसांनी एक आवर्तन पूर्ण करतो आणि मध्यरेषेच्या दोन टक्के वर व दोन टक्के खाली जातो. आता रिकाम्या घरात `=MAX(F200:F300)` लिहून पाहावे. उत्तर ०.०२४ च्या आसपास येईल. सूत्रातील शेवटच्या १५ च्या जागी ६० टाकले की तेच उत्तर ०.१०२ च्या आसपास जाईल. दोन्ही वेळा भावाची हालचाल तेवढीच, वरखाली दोन टक्के. ट्रिक्समध्ये मात्र पहिली दुसरीच्या पावपटीहूनही लहान दिसते.

वेगवेगळी आवर्तने घालून मिळणारे निष्कर्ष खालील तक्त्यात आहेत. कालावधी सर्वत्र १५ आहे. शेवटच्या स्तंभात भाव शिखरावरून उतरू लागल्यापासून ट्रिक्स शून्याखाली जाईपर्यंत त्या आवर्तनातील एकूण घसरणीचा किती भाग संपून गेला, ते दाखवले आहे.

| भावाचे आवर्तन | ट्रिक्सचा आयाम | शिखरापासून शून्यछेदापर्यंत | तोवर झालेली घसरण |
|---|---|---|---|
| ५ दिवस | ०.००३ | — | — |
| १५ दिवस | ०.०२४ | सुमारे ८ दिवस | तळ होऊन भाव पुन्हा वर |
| ३० दिवस | ०.०६५ | सुमारे १३ दिवस | ९७ टक्के |
| ६० दिवस | ०.१०२ | सुमारे १८ दिवस | ६६ टक्के |
| ९० दिवस | ०.०९७ | सुमारे २० दिवस | ४० टक्के |
| १२० दिवस | ०.०८५ | सुमारे २० दिवस | २६ टक्के |

दुसरा स्तंभ आधी पाहू. ५ दिवसांचे आवर्तन खरोखरच नाहीसे झाले आहे. १५ दिवसांचे दबले आहे, पण पुसले गेलेले नाही. ३० दिवसांचे तर चांगलेच शिल्लक आहे. याचा अर्थ कालावधी ही भिंत नव्हे. आवर्तन लहान होत जाईल तसा ट्रिक्सचा प्रतिसाद उतारावरून उतरावा तसा कमी होत जातो, आणि निवडलेला कालावधी हा त्या उतारावरचा एक टप्पा आहे. साध्या सरासरीचे तसे नसते: १५ दिवसांची साधी सरासरी नेमके १५ दिवसांचे आवर्तन पूर्णपणे शून्य करते. घातांकी सरासरीत असा शून्यबिंदू कुठेच नसतो. तरीही ट्रिक्सची गाळणी कमकुवत म्हणता येणार नाही, कारण तिला एक अवघड काम करावे लागते. बदलाचा दर काढणे ही क्रिया स्वतःच लहान आवर्तनांना फुगवते. १५ दिवसांचे आवर्तन ६० दिवसांच्या आवर्तनाइतकेच उंच असले तरी दररोज त्याच्या जवळपास चौपट वेगाने बदलते. तिहेरी सरासरी हे फुगणे आधी भरून काढते आणि मग त्यापलीकडे दाबते. तीनदा सरासरी घेण्याचे खरे कारण हे आहे. एकदाच घेतली असती तर तिचा बहुतेक परिणाम बदलाचा दर काढताना वाया गेला असता.

याच तक्त्यात दुसरी एक मर्यादाही दिसते. ट्रिक्सचा प्रतिसाद लहान आवर्तनांपासून वाढत जातो, कुठेतरी सर्वोच्च होतो आणि पुन्हा उतरतो. १२० दिवसांचे आवर्तन ६० दिवसांच्या आवर्तनापेक्षा कमी दिसते. गणित केले तर हा सर्वोच्च बिंदू कालावधीच्या साधारण साडेचार पटीला, १५ दिवसांसाठी सुमारे ६६ दिवसांच्या आवर्तनाला, येतो. ट्रिक्स सर्वांत ठळकपणे जे दाखवतो ते त्याच्या नावापुढच्या आकड्याच्या चौपट-साडेचौपट मोठे असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुपटी-तिपटीचा टापू

शेवटचा स्तंभ अधिक महत्त्वाचा आहे. ३० दिवसांच्या आवर्तनात भाव शिखरावरून तळापर्यंत १५ दिवसांत जातो. ट्रिक्स शून्याखाली जातो तो साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी, ९७ टक्के घसरण होऊन गेल्यावर. शून्यछेद पाहून विक्री करणारा अशा आवर्तनात दर वेळी तळाशी विकेल आणि शिखराशी खरेदी करेल. आवर्तन २० दिवसांचे असेल तर शून्यछेद जवळपास नेमका तळावर पडतो. १५ दिवसांच्या आवर्तनात विक्रीचा छेद येईपर्यंत भाव तळ करून वर चढू लागलेला असतो.

कालावधीपेक्षा बरीच लहान आवर्तने इतकी दबतात की त्यांचा उलटा संकेतही सहसा दिसत नाही, म्हणून तिथे फारसे नुकसान होत नाही. कालावधीच्या चौपटीच्या पुढची आवर्तने उशिरा का होईना, पण काही चाल हाती ठेवून दिसतात. अडचण मधल्या टापूत आहे. १५ दिवसांच्या ट्रिक्ससाठी साधारण २० ते ४० दिवसांची आवर्तने शून्यरेषा छेदण्याइतकी मोठी दिसतात, आणि छेद येईपर्यंत त्यांची चाल जवळपास संपलेली असते. ४० दिवसांच्या आवर्तनातही ८८ टक्के घसरण आधीच होऊन गेलेली असते. "लहान आवर्तने गाळली जातात" या वाक्यावर विसंबून कोणी २५ दिवसांची चाल पकडण्यासाठी १५ चा ट्रिक्स लावला, तर निर्देशक सूत्राप्रमाणे बिनचूक चालूनही हिशेब सतत तोट्यातच येईल.

तुमचा बाजार या टापूत अडकला आहे का हे ओळखण्याची एक खूण आहे. मागच्या दहाएक शून्यछेदांपाशी उभ्या रेषा मारून पाहाव्यात. विक्रीचे छेद वारंवार भावाच्या स्थानिक तळाजवळ आणि खरेदीचे छेद शिखराजवळ पडत असतील, तर संकेत खोटे नाहीत. कालावधी त्या हालचालीच्या मानाने फार मोठा आहे.

एक पूर्ण उदाहरण: कालावधी ठरवताना काय सोडावे लागते

आता ब स्तंभात जरा वास्तवाजवळ जाणारी किंमत तयार करू. तिच्यात तीन गोष्टी असतील: दररोज ०.०५ टक्क्याची हळू चढती दिशा, ६० दिवसांचे वरखाली चार टक्क्यांचे मुख्य आवर्तन, आणि त्यावर १२ दिवसांचे वरखाली दोन टक्क्यांचे छोटे आवर्तन. आपल्याला ६० दिवसांची चाल पकडायची आहे आणि १२ दिवसांचे गाळायचे आहे, असे धरू.

```
B2: =100*EXP(0.0005*A2+0.04*SIN(2*PI()*A2/60)+0.02*SIN(2*PI()*A2/12))
```

कुठलीही सरासरी न घेता या भावाचा रोजचा टक्केवारी बदल काढला, तर १२ दिवसांच्या आवर्तनाचा वाटा ६० दिवसांच्या आवर्तनाच्या अडीचपट असतो. आवर्तन लहान असूनही रोजच्या बदलांवर त्याचेच राज्य असते. म्हणूनच नुसत्या बदलाच्या दराच्या आलेखावर मुख्य चाल डोळ्यांना दिसत नाही.

H1 मध्ये १५ ठेवून ट्रिक्स पाहिला की चित्र उलटते. मुख्य आवर्तनाचा आयाम सुमारे ०.२० आणि छोट्याचा सुमारे ०.०१६ येतो, म्हणजे छोटे आता मोठ्याच्या तेराव्या भागाइतकेच उरते. शून्यरेषेजवळ ट्रिक्स दररोज साधारण ०.०२१ ने सरकत असतो आणि छोट्या आवर्तनाचा उलटा धक्का जास्तीत जास्त ०.००८ चा असतो. त्यामुळे छेद एकदाच आणि स्वच्छ होतो. पुढेमागे होत नाही. रेषा शून्याशी घुटमळेल की नाही हे ठरवणारी कसोटी हीच आहे: गाळून उरलेल्या लहान आवर्तनाचा रोजचा धक्का मुख्य आवर्तनाच्या रोजच्या गतीपेक्षा कमी हवा. नुसत्या आयामांची तुलना यासाठी पुरेशी नाही, कारण लहान आवर्तन आयामाने लहान असले तरी ते वेगाने हलते.

आता किंमत मोजू. चढती दिशा क्षणभर बाजूला ठेवली तर ६० दिवसांच्या आवर्तनात १५ चा ट्रिक्स ६६ टक्के घसरण झाल्यावर शून्याखाली जातो. हे नको असेल तर H1 मध्ये ९ टाकून पाहावे. शून्यछेद आता शिखरानंतर बाराव्या दिवसाच्या आसपास, सुमारे ३३ टक्के घसरणीवर येतो, म्हणजे छेदापूर्वी हुकणारी घसरण निम्म्यावर आली. पण छोट्या आवर्तनाचा आयाम ०.०६५ वर चढून मोठ्याच्या पाचव्या भागाइतका होतो, आणि त्याचा रोजचा धक्का मुख्य आवर्तनाच्या गतीच्या किंचित पुढेच जातो. कसोटी मोडली. F स्तंभ शून्यरेषेजवळ क्षणभर थबकतो, आणि खऱ्या बाजारातील यादृच्छिक हालचाल त्यात मिसळली की तो तिथे दोन-तीनदा वरखाली होऊ लागतो. कालावधी १२ ठेवला तर छेद १५ दिवसांनी, निम्म्या घसरणीवर येतो. छोटे आवर्तन मोठ्याच्या साधारण आठव्या-नवव्या भागाइतके राहते आणि कसोटी बऱ्यापैकी फरकाने पार पडते.

माझी पसंती इथे १२ ला आहे, पण ती या विशिष्ट मिश्रणापुरती. १२ दिवसांचे छोटे आवर्तन दोन टक्क्यांऐवजी एकच टक्क्याचे असते तर मी ९ घेतले असते, कारण तेव्हा त्याचा धक्काही निम्मा झाला असता. म्हणजे योग्य कालावधी गाळायच्या आवर्तनाच्या लांबीवर जेवढा ठरतो, तेवढाच त्याच्या उंचीवरही ठरतो. केवळ लांबी पाहून कालावधी निवडण्याचा सल्ला म्हणूनच अर्धवट राहतो.

प्रत्यक्ष भावावर हे करताना आवर्तने मोजावी लागतात. आलेखावर डोळ्यांना स्पष्ट दिसणारे तळ खुणावावेत, लागोपाठच्या दोन तळांमधील व्यवहारदिवस मोजावेत आणि येणाऱ्या आकड्यांची सरासरी न घेता त्यांना चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा. एखादे अवाढव्य अंतर सरासरीला ओढून नेते, मधल्या आकड्याला नेत नाही. हेच काम एकदा मोठ्या तळांसाठी आणि एकदा त्यांमधल्या लहान तळांसाठी करावे. मग वरच्या सूत्रात ६०, १२, चार टक्के आणि दोन टक्के यांच्या जागी आपले आकडे घालून दोन-तीन कालावधी तपासून पाहावेत. मात्र बाजारातील आवर्तने घड्याळासारखी चालत नाहीत. आज ६० दिवसांची असलेली चाल पुढच्या वर्षी ४० दिवसांची होऊ शकते, आणि तेव्हा १५ चा ट्रिक्स काहीही न बदलता वरच्या टापूत जाऊन पडतो. मोजलेल्या अंतरांमध्येच मोठी तफावत असेल, समजा काही २५ आणि काही ९०, तर एक कालावधी त्या सर्वांना न्याय देऊ शकणार नाही, हे आधीच मान्य करावे लागते.

दिशेचा वाटा

उदाहरणातील ०.०५ टक्क्याच्या चढत्या दिशेकडे आपण अजून पाहिले नाही. स्थिर दिशेला ट्रिक्स अजिबात गाळत नाही. ती जशीच्या तशी त्याच्या पातळीत उतरते आणि संपूर्ण वक्र ०.०५ ने वर उचलला जातो. परिणामी विक्रीचा छेद सुमारे दोन दिवस उशिरा आणि खरेदीचा तेवढाच लवकर येतो, जे चढत्या बाजारात बहुधा हवेच असते.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. १५ च्या ट्रिक्समध्ये १२ दिवसांचे आवर्तन ०.०१६ एवढे उरते, आणि दिशा ०.०५ ची असेल तोवर ते एकट्याने शून्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. लोक ज्याला गाळणीचे यश म्हणतात त्यात दिशेने उचलून धरण्याचा मोठा हात असतो. दिशा संपून बाजार आडवा झाला आणि मुख्य आवर्तनही विरले, की तेच ०.०१६ शून्यरेषेला दर सहा दिवसांनी छेदू लागते, आणि तेही उलट्या वेळी. आलेख काढणारी प्रणाली उभी मोजपट्टी आपोआप ताणत असल्यामुळे ही बारीक लाटही पूर्वीच्या मोठ्या लाटेइतकीच ठसठशीत दिसते. म्हणून आपल्या भावासाठी मुख्य आवर्तनाचा अपेक्षित आयाम एकदा काढून ठेवावा आणि उभी मोजपट्टी त्यावर कायम करावी. ट्रिक्स त्या आयामाच्या पावपटीतच घोटाळत असेल, तर तेव्हाचे शून्यछेद विचारात घेऊ नयेत.

संकेतरेषा काय देते आणि काय परत घेते

शून्यछेदाचा उशीर टाळण्यासाठी ट्रिक्सचीच ९ दिवसांची ईएमए काढून तिला संकेतरेषा मानण्याची पद्धत आहे. G स्तंभात तेच सूत्र ०.२ भारांकाने लिहिले की ती तयार होते. १५ च्या ट्रिक्सवर ६० दिवसांच्या आवर्तनात ट्रिक्स आपली संकेतरेषा शिखरानंतर साधारण सात दिवसांनीच वरून खाली छेदतो. तेव्हा घसरणीचा जेमतेम १४ टक्के भाग झालेला असतो. ६६ टक्क्यांच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे.

तिची भरपाई गाळणीतून होते. ट्रिक्समधून त्याचीच सरासरी वजा करणे म्हणजे पुन्हा एकदा बदलाचा दर काढण्यासारखेच आहे, आणि ती क्रिया लहान आवर्तनांना पुन्हा फुगवते. उदाहरणातील १२ दिवसांचे आवर्तन ट्रिक्समध्ये मोठ्याच्या तेराव्या भागाइतके होते. ट्रिक्स आणि संकेतरेषेतील फरकात ते सहाव्या भागाच्या आसपास जाते. रोजच्या धक्क्याची कसोटी इथे ०.००७ विरुद्ध ०.००८ अशी जेमतेम पार पडते, आणि खऱ्या भावातील गडबड हा फरक सहज खाऊन टाकते. १५ च्या ट्रिक्सवर संकेतरेषा वापरणे आणि ९ चा ट्रिक्स शून्यरेषेवर वापरणे हे गाळणीच्या दृष्टीने फारसे दूर नाहीत. दोन्हींमध्ये लवकर कळण्यासाठी थोडी गाळणी सोडलेली असते. संकेतरेषा वापरायचीच असेल, तर ट्रिक्सचा कालावधी थोडा वाढवून ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

दोन बिघाड आणि ते ओळखण्याची रीत

पहिला बिघाड मालिकेच्या सुरुवातीचा आहे. आपण पहिल्या ओळीत तिन्ही सरासऱ्या पहिल्या भावावरच सुरू केल्या, म्हणजे त्यापूर्वी भाव कायम तेवढाच होता असे गृहीत धरले. हे गृहीतक तिहेरी सरासरीत फार रेंगाळते. १५ च्या कालावधीत ६० ओळींनंतरही, खरा पूर्वीचा भाव त्या पहिल्या भावापेक्षा दहा टक्क्यांनी वेगळा असेल, तर ट्रिक्समध्ये ०.०१२ ची चूक राहू शकते, आणि आपण ०.०१६ च्या लाटेची चर्चा करत आहोत. १०० ओळींनंतर ही चूक नगण्य होते. म्हणून कालावधीच्या सातपट ओळी वाया घालवण्यासाठीच ठेवाव्यात. तपासण्याची सोपी रीत म्हणजे त्याच भावांची मालिका ५० ओळी आधीपासून सुरू करून शेवटचे आकडे जुळवणे. चौथ्या दशांश स्थानापर्यंत जुळले तर सुरुवातीचा परिणाम संपला असे समजावे.

दुसरा बिघाड भावातील उडीचा. भाव एका रात्रीत पाच टक्के वर उघडला आणि तिथेच स्थिर राहिला, असे समजा. पहिल्या दिवशी ट्रिक्स फक्त ०.०१ ने हलतो. त्यानंतर भाव जागचा हलत नसतानाही तो रोज चढत राहतो आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी ०.१८ वर पोहोचून खाली वळतो, कारण तिहेरी सरासरीत सर्वाधिक वजन तेवढ्याच जुन्या भावांना असते. पाहणाऱ्याला वाटते की तेजी जोर धरते आहे, आणि मग काही कारण नसताना ती ओसरते आहे. प्रत्यक्षात दोन आठवड्यांपूर्वीची एकच घटना गाळणीतून झिरपत बाहेर येत असते. शेअर विभाजन किंवा बोनसनंतर भाव समायोजित केलेले नसतील तर हाच कुबड खालच्या बाजूला आणि कितीतरी पटींनी मोठा दिसतो. ट्रिक्सचे एखादे शिखर नेहमीच्या आयामाच्या बाहेर गेले असेल, तर त्या शिखरापासून १३-१४ दिवस मागे जाऊन भाव पाहावा. तिथे एकाच दिवसाची मोठी उडी सापडली आणि आधी-नंतर भाव शांत असला, तर ते शिखर आणि त्यानंतरचा संकेतरेषेचा छेद बाजूला ठेवावा. भाव समायोजित करून मालिका पुन्हा चालवल्यावर कुबड नाहीसा झाला, तर चूक माहितीत होती, आणि उरला, तर ती उडी खरीच होती व तिचा परिणाम ओसरायला आणखी सहा-आठ आठवडे लागतील.